संचालक मंडळाच्या हॉलमध्ये १२ गूजनेक माईक, सतत शिट्टी. फीडबॅक एलिमिनेटर घ्यावा की ऑटोमिक्सर?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत प्रशासन बघतो. संचालक मंडळाच्या हॉलमधला साऊंड हे माझ्या गळ्यात पडलेलं काम आहे आणि ते नीट लावायची माझी मनापासून इच्छा आहे.

हॉल साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. फॉल्स सीलिंग ३ मीटरवर, त्यात ६ सीलिंग स्पीकर, सगळे एकाच १०० व्होल्टच्या ॲम्प्लिफायरवर. यू आकाराचं टेबल, त्यावर १८ इंची १२ गूजनेक माईक, दोन माईकमध्ये अंदाजे ९० सेंटीमीटर. सगळे माईक एका साध्या ॲनालॉग मिक्सरमध्ये जातात. एका लांब भिंतीला पूर्ण काच आहे, समोरच्या भिंतीवर दोन स्प्लिट एसी.

चेअरमन साहेब बोलतात तेव्हा यूच्या टोकाला बसलेल्यांना नीट ऐकू येत नाही. आवाज वाढवला की शिट्टी. शिपाई दर वेळी मास्टर खाली ओढतो, मग पुन्हा "ऐकू येत नाही" सुरू. इतिवृत्तासाठी रेकॉर्डिंग करतो तेही घुमल्यासारखं येतं. विक्रेत्याने फीडबॅक एलिमिनेटर सुचवला आहे. तो घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?

मंडप_साऊंड_कराड
दादा, एलिमिनेटरवर पैसे घालवू नका. ३१ बँडचा ग्राफिक इक्वलायझर घ्या, शिट्टी ज्या बँडला येते तो खाली करा. शिवाय प्रत्येक चॅनलला गेट लावा. माणूस बोलला की गेट उघडेल, गप्प बसला की बंद. ऑटोमिक्सर म्हणजे तरी दुसरं काय, बारा गेटच. आम्ही सभांना असंच करतो.

मंद्र
कृष्णाकाठ, काही घेण्याआधी एक चाचणी करा, त्याला खर्च नाही. हॉल रिकामा असताना एसी चालू ठेवा. फक्त चेअरमनचा माईक उघडा, बाकी अकरा म्युट. मास्टर हळूहळू वर न्या, शिट्टीची सुरुवात होते ती जागा लिहून ठेवा. मग बाराही माईक उघडे ठेवून तेच करा. दोन आकड्यांमधला फरक इथे सांगा.

हे का करायचं ते सांगते. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकआधी मिळणारा गेन साधारण ३ डेसिबलने कमी होतो. १२ माईक उघडे म्हणजे हिशोबाने जवळपास ११ डेसिबल गेले. तुमची अडचण एका विशिष्ट फ्रिक्वेन्सीची नसून बारा माईक एकाच वेळी उघडे असण्याची असेल, तर इक्वलायझर आणि एलिमिनेटर दोन्ही तिच्या मुळाशी पोचत नाहीत.

कराडचे दादा, मोठ्या मैदानावरच्या सभेत तुमची पद्धत चालते, कारण तिथे उघडे माईक दोन-तीन असतात आणि स्पीकर माईकच्या पुढे लांब असतात. इथे स्पीकर थेट माईकच्या डोक्यावर आहेत. गेटबद्दल सविस्तर लिहिते, आधी चाचणीचे आकडे येऊ देत.

उपनगर
आमच्या सोसायटीच्या सभेत हाच त्रास आहे! बाहेरगावचे सभासद ऑनलाइन जोडले की त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. हॉलमध्ये मात्र आम्हाला काही जाणवत नाही. ऑटोमिक्सरने हे जाईल का?

मंद्र
उपनगर, तुमचा प्रकार वेगळा आहे. फीडबॅकमध्ये माईकचा आवाज त्याच हॉलच्या स्पीकरमधून पुन्हा माईकमध्ये शिरतो. तुमच्याकडे लांबच्या माणसाचा आवाज तुमच्या स्पीकरमधून माईकमध्ये जाऊन त्याच्याकडे परततो. त्यावरचा उपाय इको कॅन्सलर, आणि तो प्रत्येक माईकवर मिक्सिंगच्या आधी बसायला हवा. ऑटोमिक्सरने तो इको थोडा कमी होईल, कारण न बोलणारे माईक खाली राहतात, पण जाणार नाही. वेगळा धागा काढलात तर तिथे नक्की लिहीन.

कृष्णाकाठ
ताई, चाचणी केली. फक्त चेअरमनचा माईक उघडा असताना मास्टरच्या ० खुणेजवळ शिट्टी सुरू झाली. बाराही उघडे असताना उणे १५ लाच. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या ११ पेक्षाही जास्त फरक. मोजण्यात काही चुकलं का?

मंद्र
मोजणं बरोबर आहे, आणि या आकड्यातून नवीन माहिती मिळाली. ११ चा हिशोब सगळे माईक सारख्या परिस्थितीत आहेत असं धरून केलेला असतो. चार डेसिबल जास्त गेले याचा अर्थ एखाद-दोन माईक बाकीच्यांपेक्षा खूप आधी शिट्टी देतात. आता प्रत्येक माईक एकेकटा उघडून बघा.

कृष्णाकाठ
बघितलं. ४ नंबर आणि ९ नंबर सर्वात वाईट, दोन्ही एकेकटे असतानाही उणे ६ ला शिट्टी. दोन्ही बरोबर स्पीकरच्या खाली आहेत. शिवाय ४ नंबरवाले संचालक माईक सरळ उभा करून ठेवतात, त्याचं तोंड छताकडेच होतं. बाकीचे उणे २ ते अधिक १ च्या आसपास.

मंद्र
उत्तम, आता नेमकं बोलता येईल. आधी भूमिती, कारण ती फुकट आहे.

तुमचे माईक बहुधा कार्डिऑइड असतील. असा माईक समोरच्या तुलनेत ९० अंशाला ६ डेसिबल कमी ऐकतो आणि पाठीमागे जवळजवळ बहिरा असतो. गूजनेक सरळ उभा केला की त्याची सर्वात जागरूक बाजू स्पीकरकडे वळते. मान वाकवून कॅप्सूल जवळपास आडवी, हनुवटीच्या उंचीवर, तोंडाकडे रोखलेली ठेवली की तोच स्पीकर ९० अंशाला जातो. एवढ्यावरच ४ नंबरला ५-६ डेसिबल परत मिळायला हवेत. ९ नंबरचंही वाकणं बघा.

दुसरं, तोंडापासूनचं अंतर. आत्ता किती आहे?

कृष्णाकाठ
सरासरी ४५ सेंटीमीटर. खुर्च्या मोठ्या आहेत, मागे रेलून बोलतात.

मंद्र
मग हिशोब मांडते. सोपा आहे, कागदावर करून बघा.

सर्वात लांबचा श्रोता चेअरमनपासून ९ मीटरवर. तुम्हाला त्याला असं ऐकवायचं आहे की जणू चेअरमन २ मीटरवर बसून बोलत आहेत. ९ भागिले २ म्हणजे साडेचार पट अंतर, त्यासाठी सुमारे १३ डेसिबल गेन हवा.

आता मिळू शकतो किती? स्पीकरपासून माईक आणि स्पीकरपासून श्रोत्याचा कान ही दोन्ही अंतरं तुमच्याकडे सारखीच, १.९ मीटरच्या आसपास, त्यामुळे ती एकमेकांना कापतात. उरतं ९ मीटर भागिले ०.४५ मीटर, म्हणजे २० पट, म्हणजे २६ डेसिबल. त्यातून शिट्टीपासून सुरक्षित राहण्यासाठी ६ वजा. उरले २०. बारा उघड्या माईकचे जवळपास ११ वजा केले की हातात ९. हवेत १३, आहेत ९. म्हणून तुमचा शिपाई कितीही लक्ष देऊन बसला तरी ते जमणार नाही.

एका वेळी एकाच माईकइतका गेन उघडा राहिला तर २० हातात, हवे १३. सात डेसिबल शिल्लक. माईक ४५ वरून ३० सेंटीमीटरवर आणलात तर आणखी साडेतीन. ३० सेंटीमीटरचा दुसरा फायदा असा की माईकमधलं अंतर ९० असल्याने ते बरोबर तिप्पट होतं, आणि शेजारच्या माईकमध्ये आवाज पुरेसा कमी जातो. रेकॉर्डिंग घुमतं त्यालाही हेच दोन उपाय लागू.

जुना_आकाशवाणी
मंद्र, मांडणी आवडली, पण एक आक्षेप नोंदवतो. हे सूत्र मोकळ्या जागेचं आहे. इथे एका बाजूला पूर्ण काच, सहा स्पीकर एकत्र वाजणार, आणि माईकला फक्त डोक्यावरचा स्पीकर ऐकू येत नाही, बाकीच्या पाचांचा काचेवरून परतलेला आवाजही येतो. प्रत्यक्षात २० डेसिबल मिळणार नाहीत. तीन-चार तरी कमी धरा.

मंद्र
मान्य. सूत्राचा उपयोग फरक दाखवायला, आकडा ठरवायला नाही. कार्डिऑइडचा फायदा मी धरलेला नाही, तो थोडा भरून काढेल, पण काचेमुळे किती जाईल ते हॉलमध्येच कळेल. काचेला जाड पडदा लावता आला तर तो दोन्हीकडे उपयोगी आहे.

मंडप_साऊंड_कराड
ताई, मग एक माईक उघडा ठेवायचं काम गेट करतंच की. तुम्ही गेटला नको का म्हणता?

मंद्र
गेटला एक ठरावीक पातळी द्यावी लागते, त्यावर गेला की उघड. एसी बंद असताना लावलेली पातळी एसी चालू झाल्यावर चुकते. हळू बोलणाऱ्या संचालकांचं पहिलं अक्षर कापलं जातं, "मला" चं "ला" ऐकू येतं. आणि मुख्य गोष्ट, वादावादीत सहा जण एकदम बोलले की सहा गेट उघडतात आणि गेन कोणीच कमी करत नाही. नेमक्या त्याच क्षणी शिट्टी येते. चांगल्या गेटवाल्या ऑटोमिक्सरमध्ये यावर तोडगे असतात, पातळी आजूबाजूच्या आवाजानुसार सरकते, शेवटचा माईक उघडा राहतो, उघड्या माईकच्या संख्येनुसार गेन उतरतो. सुट्या बारा गेटमध्ये यातलं काहीच नसतं.

ऑटोमिक्सरचा दुसरा प्रकार म्हणजे गेन शेअरिंग. त्यात पातळी ठरवायचीच नसते. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅन ड्युगन यांनी नाटकाच्या ध्वनिव्यवस्थेत काम करताना ही रीत शोधली. प्रत्येक माईकची पातळी सगळ्या माईकच्या एकत्रित पातळीशी ताडायची, आणि जेवढा फरक तेवढीच त्या माईकची कपात. एकाच टाकीवर बारा नळ असावेत आणि टाकीतून निघणारं पाणी कायम एका नळाइतकंच असावं, तसं.

आकड्यांत बघा. कोणीच बोलत नाही, बाराही माईकवर एसीचा सारखाच आवाज, उणे ४५. प्रत्येकाला उणे १०.८, एकूण गेन एका माईकइतका. आता ७ नंबर बोलू लागले, त्यांचा माईक उणे २०, बाकी ४५ वरच. ७ नंबरची कपात जेमतेम ०.१५ डेसिबल, बाकीच्यांची सुमारे २५. दोघे सारख्या आवाजात बोलले तर दोघांना उणे ३. सहा जण भांडले तर प्रत्येकाला साधारण उणे ८. कोणतंही अक्षर कापलं जात नाही, कारण काही उघडत-मिटत नाही, फक्त वाटा बदलतात. आणि हॉलच्या पार्श्वभूमीचा आवाज वर-खाली होत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग ऐकायला शांत वाटतं.

मंडप_साऊंड_कराड
हे समजलं. म्हणजे ऑटोमिक्स लावलं की शिट्टीचा प्रश्न मिटला.

मंद्र
नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. शिट्टी सुरू झाली की ज्या माईकमध्ये ती आहे तो सर्वात मोठा आवाज असलेला माईक ठरतो. ऑटोमिक्सरला वाटतं हाच माणूस बोलतोय, आणि तो त्याला पूर्ण वाटा देतो. ऑटोमिक्स शिट्टी दाबत नाही. बारा माईक असूनही तुमची मर्यादा एका माईकची राहील, एवढंच ते सांभाळतं. तो एक माईक स्वतः उणे ६ ला शिट्टी देत असेल तर ऑटोमिक्स लावूनही देईल. म्हणून ४ आणि ९ नंबर आधी सुधारायचे.

कृष्णाकाठ
४ नंबर वाकवून बसवला, आता एकटा ० पर्यंत जातो. ९ नंबर फक्त उणे ३ पर्यंत सुधारला.

यंत्राबद्दल. आमच्या विक्रेत्याकडे बेहरिंगर एक्स३२ आहे, त्यात ऑटोमिक्स आहे असं तो म्हणतो. चालेल का?

जुना_आकाशवाणी
एक्स३२ मध्ये ऑटोमिक्स पहिल्या ८ चॅनललाच मिळतं. तुमचे १२ माईक आहेत. यामाहाच्या टीएफ मालिकेतही ड्युगन ८ चॅनलपुरता. यामाहा क्यूएल१ घेतलात तर १६ माईक इनपुट आणि ड्युगन १६ चॅनलला. पण रोज कोणी ऑपरेटर बसणार नसेल तर मिक्सर कशाला? बायँपचा टेसिरा फोर्टेसारखा डीएसपी, म्हणजे मिक्सिंग आपोआप करणारा डिजिटल डबा, घ्या. १२ माईक इनपुट, आत गेन शेअरिंग ऑटोमिक्सर, रॅकमध्ये कुलूपबंद. एकदा लावला की शिपायाला फक्त आवाजाचं एक बटण.

कृष्णाकाठ
ऑपरेटर नाहीच. पण संचालकांपुढे एवढा खर्च मांडायचा तर आधी परिणाम दाखवावा लागेल. क्यूएल१ भाड्याने मिळतोय. पुढच्या मासिक सभेला तो लावून दाखवायचा विचार आहे. कसा लावू ते क्रमाने सांगाल का?

मंद्र
सांगते, पण क्रम मोडू नका. एक पायरी चुकली की पुढची फसते.

आधी प्रीअँप. गेन शेअरिंग माईकची तुलना करतं, म्हणून सगळे माईक सारखे मोजले गेले पाहिजेत. फँटम पॉवर चालू करा, फोनला जोडलेला एक छोटा स्पीकर घ्या, त्यावर पिंक नॉइज वाजवा, तो प्रत्येक माईकसमोर ३० सेंटीमीटरवर धरा आणि सगळ्यांची मीटरवरची पातळी एकसारखी करा. हळू बोलणाऱ्या संचालकांचा प्रीअँप वाढवायचा मोह टाळा. वाढवलात तर ते गप्प असतानाही त्यांच्या माईकवरचा एसीचा आवाज जास्त वाटा खाईल.

मग प्रत्येक चॅनलला हाय पास, १२० ते १५० हर्ट्झ. टेबलावर हात आपटणं, एसीची घरघर, खुर्ची सरकणं याचा बराच भाग तिथेच संपतो. हा फिल्टर ऑटोमिक्सच्या आधी असायलाच हवा, नाहीतर ऑटोमिक्सर घरघरीला माणूस समजेल.

मग ड्युगन इन्सर्ट. इन्सर्टची जागा फेडर आणि ऑन बटणाच्या पुढे ठेवा. फेडरच्या आधी ठेवलात आणि एखाद्या रिकाम्या खुर्चीचा फेडर खाली ओढलात, तर ऐकू येत नसतानाही तो माईक वाटा खात राहतो. शेजारच्या खुर्चीवरचा बोलू लागला की आवाज का दबतोय ते कळत नाही. बाराही चॅनल एकाच ग्रुपमध्ये, सगळ्यांचं वेट, म्हणजे वाटा ठरवताना प्रत्येक माईकला दिलेलं वजन, सारखं.

कम्प्रेसर चॅनलवर नको, ऑटोमिक्सनंतर बसवर ठेवा. चॅनलवर लावला तर बोलणारा आणि न बोलणारा यांच्यातला फरकच तो कमी करतो, आणि ऑटोमिक्सला तोच फरक हवा असतो. बसवर लावतानाही नंतरचा मेकअप गेन शून्य ठेवा, तो थेट शिट्टीच्या जागेतून कापला जातो.

सादरीकरणासाठी लॅपटॉप असेल तर तो ग्रुपमध्ये घेऊ नका.

शेवटी रिंग आउट. सगळे चॅनल ऑटोवर, मास्टर हळूहळू वर. पहिली शिट्टी आली की अॅनालायझरवर फ्रिक्वेन्सी बघा, आउटपुटच्या पॅरामेट्रिकवर अरुंद कट द्या, ३ ते ४ डेसिबल, क्यू ८ च्या आसपास. पुन्हा वर. चार-पाच कट झाले, किंवा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी शिट्ट्या येऊ लागल्या की थांबा. त्यापुढे कापलेलं फक्त माणसाच्या आवाजातून जातं. त्या जागेवरून मास्टर ६ डेसिबल खाली आणा आणि तिथेच कायम ठेवा.

मंडप_साऊंड_कराड
ताई, कृष्णाकाठ दादांनी विचारलेला एलिमिनेटर मग कुठे बसतो?

मंद्र
अगदी शेवटी, पहारेकरी म्हणून. तो शिट्टी सुरू झाल्यावरच ओळखतो, आधी नाही. आणि लांब धरलेला सूर त्याला शिट्टीसारखाच दिसतो. सभेआधी प्रार्थना किंवा वंदन होत असेल तर तो त्या सुरांवरही कट टाकेल आणि ते कट सभाभर राहतील. डीएसपीमध्ये फ्रिक्वेन्सी शिफ्ट असतं तेही बोलण्यासाठी वापरता येतं. सगळा आवाज सुमारे ५ हर्ट्झ सरकवायचा, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी फेऱ्या मारून वाढत नाही. बेल लॅब्जच्या मॅनफ्रेड श्रोडर यांची ही कल्पना १९६० च्या दशकातली. बोलताना कळत नाही, गाण्यात लगेच कळतं.

कृष्णाकाठ
सभा झाली. इथल्या सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहितो.

रिंग आउटमध्ये तीन ठिकाणी कट द्यावे लागले, ५०० हर्ट्झच्या जवळ, १.२ किलोहर्ट्झ आणि २.५ किलोहर्ट्झच्या थोडं वर. त्यानंतर दोन शिट्ट्या एकदम आल्या तिथे थांबलो. सहा डेसिबल खाली घेऊनही टोकाच्या संचालकांना पहिल्यांदा चेअरमन साहेब नीट ऐकू आले. सबंध सभेत एकदाही शिट्टी नाही. रेकॉर्डिंग ऐकून इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी आपणहून येऊन सांगितलं की आता कोण काय बोललं ते कळतं.

दोन अडचणी उरल्या. एक, २ नंबरचा माईक कोणी बोलत नसताना ड्युगनच्या मीटरवर सतत बाकीच्यांपेक्षा वर दिसत होता. त्यामुळे दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत एसीचा फुसफुसाट ऐकू यायचा. दोन, चेअरमन साहेब विषयपत्रिकेची पानं माईकसमोर उलटतात, आणि तेवढ्यात दुसरा कोणी हळू आवाजात बोलत असेल तर त्याचा आवाज क्षणभर मागे जातो.

मंद्र
२ नंबर एसीच्या झोतात आहे का? असेल तर एसीची पाती फिरवा आणि त्या माईकला जाड फोमचं टोपण घाला. हवेचा झोत कॅप्सूलवर आदळला की हाय पासनेही पुरता जात नाही. तरीही राहिला तर फक्त त्या चॅनलचं वेट ३ डेसिबल खाली करा. प्रीअँपला हात लावू नका.

पानांचं मात्र गेन शेअरिंगला सांगता येत नाही. कागदाचा आवाज माईकच्या ३० सेंटीमीटरवर आणि माणूसही ३० सेंटीमीटरवर, ऑटोमिक्सरला दोघे सारखेच. माईकचं बूड कागदांच्या जागेपासून बाजूला सरकवा आणि मान तिरकी वळवून तोंडाकडे आणा. अध्यक्षांनाच प्राधान्य हवं म्हणून त्यांचं वेट वाढवायचा विचार आला असेल तर या कारणासाठी थांबा, त्यांची पानंही तेवढीच मोठी होतील.

जुना_आकाशवाणी
माझं मत थोडं वेगळं. अध्यक्षांना सभा ताब्यात ठेवावी लागते. त्यांच्या माईकच्या बुडाला दाबून धरायचं बटण द्या, ते दाबलं की ड्युगनचं ओव्हरराइड लागेल आणि बाकी सगळे बंद. वेट वाढवण्यापेक्षा हे स्वच्छ.

मंद्र
तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहे. पण बाकीच्या अकरा जणांचा आवाज एका बटणाने तुटणं सहकारी संस्थेच्या सभेत चालेल का, हे संचालक मंडळाने ठरवावं. रेकॉर्डिंगमधूनही ते आवाज गायब होतील, आणि तेच रेकॉर्डिंग इतिवृत्ताचा आधार आहे. मी रेकॉर्डिंगचा बस ओव्हरराइडच्या बाहेर काढता येतो का ते आधी बघेन.

कृष्णाकाठ
एसीची पाती फिरवली, फोम घातला. २ नंबर बाकीच्यांच्या रांगेत आला, वेट बदलावं लागलं नाही. ओव्हरराइडचं चेअरमन साहेबांशी बोललो, ते म्हणाले बटण नको.

९ नंबर अजून त्रास देतो. त्याला स्पीकरखालून हलवता येत नाही, टेबल फिक्स आहे.

मंद्र
दोन मार्ग आहेत. एक, त्या माईकची कॅप्सूल सुपरकार्डिऑइड करा. शूअर मायक्रोफ्लेक्ससारख्या माईकमध्ये कॅप्सूल बदलता येते, तुमच्या माईकला येते का बघा. ९० अंशाला ती कार्डिऑइडपेक्षा अडीच डेसिबल जास्त नाकारते. मात्र तिच्या थेट पाठीमागे थोडं ऐकू येतं, म्हणून मान आडवीच हवी.

दुसरा मार्ग जास्त भक्कम. ९ नंबरचा आवाज त्याच्याच डोक्यावरच्या स्पीकरला द्यायचाच नाही किंवा ६ डेसिबल कमी द्यायचा. त्या खुर्चीजवळच्यांना ते थेट ऐकू येतातच. त्यासाठी सहा स्पीकरचे निदान तीन झोन आणि तीन ॲम्प्लिफायर चॅनल लागतात. आज तुमचे सगळे स्पीकर एकाच लाइनवर आहेत.

मंडप_साऊंड_कराड
१०० व्होल्ट लाइन आहे, प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर टॅप असणार. ९ नंबरवरच्या स्पीकरचा टॅप ६ वॉटवरून ३ वर आणा, ३ डेसिबल तिथेच मिळाले. वायर तोडायची गरज नाही. आम्ही हॉलमध्ये हे नेहमी करतो.

मंद्र
दादा, हे सर्वात आधी करून बघण्यासारखं आहे. त्या स्पीकरखाली बसणाऱ्यांना बाकी सगळ्यांचा आवाजही ३ डेसिबल कमी ऐकू येईल, तेवढी किंमत आहे. कृष्णाकाठ, टॅप बदलून ८, ९, १० नंबरच्या खुर्च्यांवर स्वतः बसून चेअरमनचा आवाज ऐका.

कृष्णाकाठ
इलेक्ट्रिशियन उद्या येतोय, फॉल्स सीलिंगची ती टाइल काढायला सांगितली आहे. डीएसपीचं कोटेशन मागवलं आहे, त्यात तीन चॅनलचा ॲम्प्लिफायर वेगळा ओळीत टाकायला सांगितलाय, म्हणजे टॅपने भागलं नाही तर मंडळापुढे दोन्ही पर्याय असतील. कोटेशन आलं की इनपुट-आउटपुटची यादी इथे टाकतो. लॅपटॉपसाठी तेरावं इनपुट कसं मिळवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

जुना_आकाशवाणी
फोर्टेला यूएसबी ऑडिओ आहे, लॅपटॉप तिथून येईल. माईक इनपुट खर्चू नका.

उपनगर
मंद्र ताई, मी वेगळा धागा काढला आहे. आमचे माईक चार आहेत आणि टीव्हीचाच स्पीकर वापरतो. सवडीने बघाल.